आधी सिंह, मग तराजू

समजा, धाराशिवकडच्या दोघा भावांत विहिरीच्या पाळीवरून सारखी भांडणे होतात. धाकटा टॅरोच्या ७८ चित्रपानांतून दोन पाने काढतो. पहिले आज काय करावे याचे, दुसरे विश्वास कशावर उभा राहील याचे. येतात 'शक्ती' आणि 'न्याय'.

लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या संचात शक्तीच्या पानावर एक स्त्री सिंहाचा जबडा हळुवार हातांनी मिटते. तुळजाभवानीच्या मुलखात सिंहाची ओळख करून द्यायला नको. पण इथला सिंह म्हणजे आपलाच राग. न्यायाच्या एका हाती तलवार, दुसऱ्या हाती तराजू.

दोन्ही पाने जोडून वाचावीत. आधी धाकट्याने आवाज खाली आणावा. मग मोटार कुणाची किती तास चालली, ते दोघांनी एकाच वहीत लिहावे. नुसत्या शक्तीने एकजण मुकाट सोसत राहतो. नुसत्या न्यायाने घराची कचेरी होते. न्याय उलटा आला, तर आधी आपलेच माप तपासावे.

खोटे कोण बोलले, हे पान सांगत नाही. पाळी न चुकता महिनाभर चालली, तर विश्वास परततो आहे असे समजावे.