नावाच्या शेवटचे टिंब

मराठीत संक्षेप टिंबावर संपतो, म्हणून एका वाड्यातल्या कागदपत्रांची छायाचित्रे साठवताना मी फोल्डरला ‘टिपणे इ.’ असे नाव सहज दिले. माझा संगणक लिनक्सवर चालतो; हार्ड डिस्क मात्र विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची होती. आत 1,140 छायाचित्रे होती. ती डिस्क सहकारी बाईंकडे गेली. त्यांच्या विंडोजवर फोल्डर दिसे, पण उघडायला गेले की तो सापडत नाही असा निरोप येई. नाव बिघडले असेल म्हणून त्यांनी शेजारी ‘टिपणे इ.’ नावाचा नवा फोल्डर केला. त्यानंतर दोन्ही फोल्डर उघडू लागले, आणि दोन्ही रिकामे निघाले. “सगळं गेलं बहुतेक,” असा त्यांचा फोन आला.

काहीच गेले नव्हते. घडले ते समजायला थोडे मागे जावे लागते.

डॉसच्या काळात फाइलचे नाव डिस्कवर अकरा अक्षरांच्या जागेत बसवलेले असे: आठ नावाची, तीन प्रकाराची. मधले टिंब साठवले जातच नसे आणि उरलेल्या जागा स्पेसने भरल्या जात. त्यामुळे शेवटच्या टिंबाला किंवा स्पेसला अर्थच नव्हता, ‘ABC.’ आणि ‘ABC’ हे एकच नाव. CON, PRN, AUX, NUL ही राखीव नावेही त्याच काळातली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, म्हणून कीबोर्ड-पडदा किंवा प्रिंटर यांना फाइलसारखी साधी नावे दिली गेली. 1983च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठरली. विंडोजवर आजही ‘aux’ नावाचा फोल्डर नेहमीच्या रीतीने करता येत नाही. तिथे निदान नकार तरी मिळतो. टिंब मात्र न सांगता गळते.

एनटीएफएसला स्वतःला शेवटचे टिंब चालते. ते काढून टाकतो तो मधला थर: प्रोग्रामने दिलेला पत्ता डिस्कपर्यंत पोहोचण्याआधी विंडोज तो साफ करते आणि शेवटची टिंबे व स्पेस छाटते. फोल्डरांची यादी दाखवताना मात्र डिस्कवरचे नाव जसेच्या तसे येते. म्हणून माझा फोल्डर दिसत होता. उघडताना शोध ‘टिपणे इ’चा होत होता आणि तसा फोल्डर नव्हता. बाईंनी नवा केला तेव्हा त्याचेही टिंब छाटले गेले आणि नेमका ‘टिपणे इ’ तयार झाला. आता कशावरही क्लिक केले तरी दार त्या रिकाम्या खोलीचेच उघडत होते.

हे रिकाम्या जागी करून पाहता येते:

```
md D:\test\tipne
md "\\?\D:\test\tipne."
dir D:\test
rd D:\test\tipne.
dir D:\test
```

दुसऱ्या ओळीतले `\\?\` म्हणजे ‘पत्ता साफ करू नका, आहे तसा पुढे द्या’. पहिली यादी दोन फोल्डर दाखवते. चौथ्या ओळीत आपण टिंबाचा फोल्डर पुसायला सांगतो, आणि पुसला जातो तो बिनटिंबाचा. धोका हाच आहे. आमच्या बाबतीत तो रिकामा होता म्हणून. त्यात कोणाचे वर्षभराचे काम असते तर? उरलेला पुसायचा तर:

```
rd "\\?\D:\test\tipne."
```

डिस्क खराब झाली की नावाचा घोळ आहे, हे ओळखायला मी बाईंना एकच गोष्ट पाहायला सांगितली: डिस्कवर व्यापलेली जागा. दिसणाऱ्या फोल्डरांच्या बेरजेपेक्षा ती कितीतरी जास्त भरली. म्हणजे छायाचित्रे जागेवरच होती. `chkdsk` चालवून इथे उपयोग नसतो, कारण एनटीएफएसच्या दृष्टीने नावात चूक नाहीच. डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला त्यांना कोणीतरी दिलाच होता. तो त्यांनी ऐकला नाही हे आमचे नशीब.

डिस्क परत आल्यावर मी लिनक्सवर फोल्डरचे नाव ‘टिपणे इत्यादी’ केले आणि सगळी 1,140 छायाचित्रे मोजून घेतली. आता एनटीएफएस डिस्क जोडताना मी `windows_names` हा पर्याय देतो. मग विंडोजला न चालणारे नाव लिनक्सच नाकारते. जुनी नावे त्याने बदलत नाहीत, ती शोधावी लागतात:

```
find . -mindepth 1 -name '*.' -o -name '* '
```

पहिल्याच शोधात आणखी सात फोल्डर निघाले. पाच टिंबाचे, सगळे ‘इ.’ आणि ‘वगैरे.’, उरलेल्या दोघांच्या शेवटी नुसती स्पेस, जी यादीत डोळ्यांना दिसतही नव्हती.