बॅच बदलते तेव्हा पालकांना काय कळवायचं?

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा आदेश काढला. त्याची चर्चा मुलांच्या झोपेवर झाली, शाळेच्या बसवर झाली. घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या वेळापत्रकाचं काय झालं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

समजा, एका बाईंच्या तीन बॅच आहेत. तिसरी-चौथीची मुलं चार ते सव्वापाच, आठवी-नववीची साडेपाच ते पावणेसात आणि दहावीची सात ते सव्वाआठ. सकाळी सातची शाळा साडेबाराला सुटायची, तेव्हा लहान मुलं जेवून, थोडं झोपून चारला यायची. शाळा नऊची झाल्यावर तीच मुलं तीनच्या सुमारास घरी पोचतात. चारला येऊन ती पेंगणार हे उघड आहे, म्हणून त्यांची बॅच पाचला सरकवली. त्यामुळे आठवी-नववी साडेसहाला गेली आणि दहावी आठला. म्हणजे दहावीच्या मुली सव्वानऊला रस्त्यावर, आणि हे कुठल्याच घराला पटणार नाही. ज्या शाळेची दहावी दुपारची, तिच्या मुलांसाठी सकाळी पावणेसात ते आठ हा मार्ग उरतो. म्हणून वेळ जाहीर करण्याआधी शाळा कोणत्या वेळची, व्हॅन किती वाजता सोडते आणि दुसरा क्लास कुठे आहे, या तीन गोष्टी प्रत्येक घरी विचारून घ्याव्या लागतात. ‘कोणती वेळ सोयीची?’ असा मोकळा प्रश्न टाकला की जितकी घरं तितकी उत्तरं येतात.

त्याच वर्षी फीही वाढवायची असेल तर अनेक जण आधी वेळ कळवतात आणि फीचा विषय जूनवर ढकलतात. मला हे चुकीचं वाटतं. पालकांनी तोवर रिक्षा ठरवलेली असते, दुसऱ्या क्लासला नाही सांगितलेलं असतं. मग आलेली वाढ त्यांना अडवणूक वाटते, आणि तसं वाटणं रास्तच आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळवाव्यात. कारणं मात्र वेगळी लिहावीत. ‘वेळ बदलल्यामुळे फी वाढवत आहोत’ असं लिहिलं की आपल्या गैरसोयीचेच पैसे मागितले जात आहेत, असा अर्थ पालक काढतात.

फीमध्ये खरी तक्रार दरावर क्वचित होते. ती होते कोणत्या महिन्यापासून, यावर. दहावीची फी पंधराशेवरून सतराशे करायची आहे आणि एका पालकांनी सुट्टीतल्या बॅचसाठी एप्रिल ते जूनचे साडेचार हजार आधीच भरले आहेत. नवा दर जूनच्या मध्यापासून असला तरी त्यांच्याकडे फरक मागू नये. त्यांना सतराशे जुलैपासून. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनाही अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये असंच सांगतात. त्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंग सेंटरसाठी आहेत, पण हा नियम घरगुती शिकवणीनेही पाळण्यासारखा आहे. मे महिन्यात लहानांची शिकवणी बंद असेल तर त्या महिन्याची फी घेणार की नाही, हेही लिहावं. दरवर्षी हमखास कुरबुर होते ती इथेच.

दहावीच्या पालकांना जाणारं पत्र एवढं पुरे:

‘नमस्कार. १५ जूनपासून दहावीची बॅच सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.४५ ते ८ या वेळेत असेल. संध्याकाळच्या बॅचच्या वेळा पुढे गेल्याने दहावीच्या मुलांना घरी जायला रात्र झाली असती, म्हणून हा बदल. फी गेली दोन वर्षं तीच होती. जागेचं भाडं आणि सराव प्रश्नपत्रिकांचा खर्च वाढल्याने ती १५ जूनपासून दरमहा १५०० ऐवजी १७०० रुपये राहील. ज्यांनी जूनपर्यंतची फी भरली आहे त्यांना नवी फी जुलैपासून. वेळ किंवा रक्कम अडचणीची असेल तर २० एप्रिलपर्यंत मला फोन करा, मार्ग काढू. पत्र मिळाल्यावर मुलाचं नाव आणि बॅचची वेळ लिहून उत्तर पाठवावं.’

शेवटची ओळ महत्त्वाची. नुसता अंगठा आला तर पत्र वाचलं की नाही ते कळत नाही. वेळ लिहून आली की कळतं. तिन्ही बॅचचं एकच पत्र पाठवलं तर दहावीचे पालक आठवीची ओळ वाचतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ते सुप्रभातच्या चित्रांखाली गाडलं जातं, शिवाय एकाची हरकत तिथे सगळ्यांची होते. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलं तर ज्यांनी बाईंचा नंबर साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. लहान मुलांच्या बाबतीत वहीत चिकटवलेली, पालकांची सही घेतलेली चिठ्ठी अजूनही सर्वांत भरवशाची; जी वही दोन दिवसांत सहीविना परत येते, त्या घरी फोन करायचा.