चष्म्याचा नंबर आणि विम्याची रेघ

1986 साली देशातील चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम सुरू केला. मेडिक्लेमने चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा खर्च पहिल्यापासून बाहेर ठेवला. तेव्हा दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर लेसरने नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती. ती 1988 साली अमेरिकेत झाली. पुढे लेसिक आपल्याकडे आले तेव्हा विम्याने ते चष्म्याच्याच खात्यात टाकले. या चाळीस वर्षांकडे पाहताना माझे मत असे बनले आहे की वगळण्यामागचे तत्त्व बरोबर आहे, पण ते राबवण्यासाठी निवडलेले माप अपुरे आहे.

तत्त्व समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. हजार जणांनी विमा घेतला, त्यांतील पन्नास जणांनी त्या वर्षी लेसर करून घेतले आणि प्रत्येकाला 80 हजार रुपये लागले, तर 40 लाखांचा बोजा होतो, म्हणजे माणशी 4 हजार रुपयांचा जादा हप्ता. अपघात कोणाला होईल हे आधी कळत नाही, म्हणून त्याचा खर्च सगळ्यांत वाटता येतो. स्वतःचा नंबर मात्र प्रत्येकाला माहीत असतो आणि शस्त्रक्रियेची तारीखही सोयीने ठरवता येते. त्यामुळे अशा विम्यात नंबरवाले येतात, हप्ता वाढला की बाकीचे निघून जातात आणि हप्ता आणखी वाढतो. यावर कोणी म्हणेल, चष्मा ही चैन नव्हे, गरज आहे. ते खरेच आहे. पण जवळजवळ निश्चित असलेला लहान खर्च विम्यातून भागवला, तर तोच पैसा कारभाराचा खर्च जोडून हप्त्यात परत द्यावा लागतो. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याचे काम 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमासारख्या योजनांचे आहे आणि ते तिथेच शोभते. लेसर केल्याने जन्मभराचे चष्मे वाचतात, हा युक्तिवादही पुरता टिकत नाही, कारण चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होते आणि वाचायला चष्मा बहुधा लागतोच.

2019 साली विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी वगळण्याच्या बाबींची एकसारखी भाषा ठरवून दिली. 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळणार नाही, असे त्यातील पंधरावे कलम सांगते. त्याआधी प्रत्येक पॉलिसीची भाषा वेगळी असे, म्हणून ही सुधारणा मोलाची होती. मोठ्या नंबरासाठी दारही किलकिले झाले. पण तिथे शरीराची मर्यादा आडवी येते. लेसर कॉर्नियाचा थर घासून त्याची वक्रता बदलतो. सहा मिलिमीटरच्या क्षेत्रात दर डायॉप्टरला सुमारे 12 मायक्रॉन ऊतक जाते. कॉर्निया 500 मायक्रॉन जाड असेल, वरची चकती 110 मायक्रॉनची कापली आणि 12 नंबर घालवायचा असेल, तर 144 मायक्रॉन घासल्यावर खाली 246 उरतात. निदान 250 तरी उरावेत असा संकेत आहे. त्याहून कमी राहिले तर कॉर्निया पुढे फुगत जाऊन नजर पुन्हा बिघडण्याचा धोका असतो. म्हणजे नंबर जितका मोठा, विम्याचा आधार तितका पक्का आणि लेसरची वाट तितकी अरुंद. अशा रुग्णाला डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्याय उरतो.

खरी उणीव दुसरीकडे आहे. एका डोळ्याला नंबर नाही आणि दुसऱ्याला उणे 6.5 आहे, असा रुग्ण घ्या. चष्म्याची जाड काच त्या डोळ्याची प्रतिमा लहान करते. दोन डोळ्यांतील प्रतिमांचे आकार जुळत नाहीत, मेंदूला त्या एकत्र करणे कठीण जाते आणि डोके दुखते. कॉन्टॅक्ट लेन्सने हा फरक बराच कमी होतो, पण ॲलर्जी किंवा कोरडेपणामुळे ती सोसत नसेल तर शस्त्रक्रिया हाच उपचार उरतो. तरीही 6.5 हा आकडा 7.5 पेक्षा लहान असल्याने कलम त्याला नाकारते. उलट दोन्ही डोळ्यांना उणे 8 असलेला आणि चष्म्याने उत्तम पाहणारा माणूस या कलमाच्या कचाट्यातून सुटतो.

आकडा निःसंदिग्ध असतो आणि डॉक्टरांच्या मतावर सोडले तर वाद वाढतील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण दोन डोळ्यांतील फरक हाही आकडाच आहे. 7.5 च्या जोडीला 'दोन डोळ्यांत 4 डायॉप्टरहून जास्त फरक आणि कॉन्टॅक्ट लेन्स न सोसल्याची वैद्यकीय नोंद' एवढी अट घातली, तर थोडक्याच रुग्णांची भर पडेल आणि हप्त्यावर फारसा ताण येणार नाही. चष्म्याने भागते त्याला वगळणे न्याय्य आहे; चष्म्याने भागतच नाही त्याला त्याच कलमाने वगळणे न्याय्य नाही.