गच्ची गळते ती कोपऱ्यातून: डांबरी शीट बरी की पीयूचा लेप?

पावसाळ्यात घरात पाणी टपकायला लागलं की सगळे म्हणतात, स्लॅब गळतोय. पण गच्चीवर जाऊन नीट पाहिलं तर मधला मोकळा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. पाणी शिरतं ते कडेला: कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या रेषेतून, स्लॅबमधून वर आलेल्या पाईपाभोवतीच्या फटीतून, टाकीच्या बुटक्या खांबांच्या बुडातून. म्हणून वॉटरप्रूफिंगचं काम देताना शीट चांगली की लेप चांगला, एवढंच विचारून भागत नाही. आपल्या गच्चीवर अशा अवघड जागा किती आहेत आणि त्या जागी कोणता माल नीट बसतो, हे आधी पाहावं लागतं.

सध्या बाजारात दोन पर्याय जास्त सांगितले जातात. पहिला टॉर्चने चिकटवायची डांबरी शीट, जिला एपीपी शीटही म्हणतात. दुसरा ब्रशने किंवा रोलरने लावायचा पॉलियुरेथेनचा लेप, म्हणजे पीयू.

आधी गच्ची मोजा

गावाकडचं एक साधं घर समजा. गच्ची २५ बाय ३६ फूट, चारही बाजूंनी विटांचा कठडा. एका कोपऱ्यात ६ बाय १० फुटांची जिन्याची खोली. प्लास्टिकच्या टाकीसाठी ४ बुटके खांब, वर आलेले ५ पाईप, सोलर हीटरच्या स्टँडचे ४ पाय आणि पाणी जायला २ आऊटलेट.

आता अवघड जागा मोजू. आत वळणारे कोपरे ५, जिन्याच्या खोलीचा बाहेर आलेला कोपरा १, टाकीच्या चार खांबांचे मिळून १६ कोपरे, पाईप ५, स्टँडचे पाय ४ आणि आऊटलेट २. झाले ३३. यातली एक जागा कच्ची राहिली तरी बाकीच्या कामाचा पैसा वाया जातो.

शीट कुठे जमते, कुठे अडते

डांबरी शीटचा रोल साधारण १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो. जाडी ३ किंवा ४ मिलिमीटर. ही जाडी कारखान्यात ठरते, ती कमी करणं कामगाराच्या हातात नसतं, हा शीटचा मोठा फायदा. गच्ची साफ करून डांबरी प्रायमर मारतात, तो वाळला की गॅसच्या टॉर्चने शीटची खालची बाजू वितळवत रोल पुढे ढकलतात. शेजारच्या दोन शीट एकमेकींवर १० सेंटिमीटर चढवायच्या. लांबीच्या टोकाला हा ओव्हरलॅप १५ सेंटिमीटर ठेवायचा.

ओव्हरलॅप नीट वितळला की कडेने वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर येते. ती सलग दिसली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथे बोथट थापीचं टोक घालून पाहावं. टोक आत गेलं तर तो जॉईंट चिकटलेला नाही, तिथे पुन्हा टॉर्च मारायला सांगावं.

मोकळ्या, सरळ गच्चीवर हे काम छान होतं. अडचण कोपऱ्यात सुरू होते, कारण शीट सपाट आहे आणि कोपरा सपाट नाही. आतल्या कोपऱ्यात ती कापून दुमडावी लागते. बाहेरच्या कोपऱ्यावर चिरावी लागते आणि चिरेच्या बुडाशी टाचणीएवढं भोक उघडं राहतं. ते झाकायला वेगळा तुकडा लागतो. म्हणजे टाकीच्या एकेका बुटक्या खांबाला चार चिरा आणि चार ठिगळं आली.

पाईपाचं दुखणं वेगळं आहे. पाईप पीव्हीसीचा असला तर तो टॉर्चच्या आचेने मऊ होऊन वाकतो. त्या भीतीने कामगार ज्वाला लांब धरतो, शीट पुरती वितळत नाही आणि पाईपाभोवती फट राहते. पहिल्या पावसात ती दिसत नाही. उन्हाळ्यात शीट प्रसरण पावते, थंडीत आकसते आणि एक-दोन वर्षांत तिथलं तोंड उघडतं.

कठड्याजवळ शीट काटकोनात वळवली तर आत पोकळी राहते आणि पाय पडला की ती फाटते. म्हणून आधी सिमेंटचा उतरता गोलवा, म्हणजे वाटा करून घ्यावा. शीट गच्चीच्या पातळीपासून किमान १५ ते २० सेंटिमीटर वर चढवावी आणि तिची वरची कड कठड्यात कापलेल्या इंचभर खोल खाचेत घालून खाच बंद करावी. अनेक ठिकाणी खाच न कापता शीट नुसती प्लास्टरवर चिकटवून सोडतात. ती कड उन्हाने सुटते आणि कठड्यावरून ओघळणारं पाणी शीटच्या मागे उतरतं.

एकदा पाणी खाली गेलं की शीट जिथे सुटी असेल तिथून ते लांब पळतं. घरात डाग उमटतो स्वयंपाकघरात आणि भोक असतं जिन्याजवळ. मग दुरुस्ती कुठे करायची तेच सापडत नाही.

आगीचं भानही ठेवायला हवं. गच्चीला लागून कडब्याची गंजी असेल किंवा खालच्या खोलीत कापूस भरला असेल तर टॉर्चचं काम करू नये, आधी ते हलवावं. काम संपल्यावरही तासभर कुणीतरी गच्चीवर थांबून पाहावं.

लेपाला कोपरा अवघड नाही

पीयू पातळ असतो. ब्रशने तो पाईपाभोवती, खांबाभोवती, कोपऱ्यात सगळीकडे सारखा लागतो आणि वाळल्यावर रबरासारखं सलग आवरण होतं. कुठे कापणं नाही, ओव्हरलॅप नाही. सगळं आवरण स्लॅबला धरून असल्यामुळे पाणी आत शिरलंच तर ते सहसा भोकाच्या आसपासच राहतं. जागा सापडते आणि तेवढीच दुरुस्त होते.

पण क्रम पाळावा लागतो. वाटा इथेही हवाच. पीव्हीसी पाईप पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावा, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवरून लेप सोलून निघतो. आधीच्या दुरुस्तीत सिलिकॉन भरलेलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढावं, कारण त्यावर पीयू धरत नाही. मग प्रायमर. नंतर मोकळ्या भागाच्या आधी अवघड जागा घ्यायच्या: लेपाचा एक हात, त्यावर ओला असतानाच जाळीच्या कापडाची पट्टी दाबायची आणि वरून दुसरा हात. भेगा आणि कठड्याच्या रेषेलाही ही पट्टी हवी. नुसता लेप हलणाऱ्या भेगेवर तुटतो.

लेपात चूक कुठे होते

शीटची जाडी कारखाना देतो, लेपाची जाडी मात्र लावणाऱ्याच्या हातात असते. फसवणूकही इथेच होते. ती ओळखायला डबे मोजणं हा सोपा उपाय आहे.

वरचीच गच्ची घेऊ. जिन्याची खोली वजा करून ८४० चौरस फूट. कठड्यावर आणि जिन्याच्या भिंतीवर एक फूट वर चढवायचं म्हणून आणखी १२२. एकूण ९६२ चौरस फूट, म्हणजे जवळपास ९० चौरस मीटर. दीड मिलिमीटरच्या आसपास आवरण हवं तर साधारण दोन किलो माल एका चौरस मीटरला लागतो. नेमका आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. या हिशेबाने १८० किलो, म्हणजे २० किलोचे ९ डबे. ठेकेदाराने ४ डब्यांत गच्ची उरकली तर रंग पूर्ण दिसेल, पण आवरण निम्म्याहूनही पातळ असेल. याच गच्चीला डांबरी शीट घातली तर ओव्हरलॅप धरून ११ रोल लागतात. कोटेशनमध्ये नुसता चौरस फुटाचा दर न घेता डबे किंवा रोल किती, हे लिहून घ्यावं.

दुसरी चूक ओलीची. ओल्या कोब्यावर लेप मारला की उन्हात आतली वाफ वर येते आणि फुगे धरतात. आदल्या दिवशी दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवून ठेवावा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला असेल तर अजून वाळू द्यावं. लेप उतरत्या उन्हात लावावा. सकाळी स्लॅब तापत जातो, छिद्रांतली हवा फुगून लेपात टाचणीएवढी भोकं पाडते. एकाच जाड हातात काम उरकायचं नाही, त्यानेही बुडबुडे येतात. दोन-तीन हात द्यावेत आणि मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडावा.

तिसरी चूक नावाची. दुकानात ‘पीयू’ लिहिलेले सगळे डबे एक नसतात. पाण्यात मिसळणारा, ॲक्रिलिकमध्ये थोडा पीयू असलेला हायब्रीड माल स्वस्त असतो. उतार चांगला असेल तर तो चालतो, पण पाणी साचून राहणाऱ्या जागी मऊ पडू शकतो. खऱ्या पीयूचेही काही प्रकार उन्हाने पिवळे पडून भुकटी सोडतात. त्यांच्यावर ऊन सोसणारा वरचा हात लागतो. तो दरात धरला आहे का, ते विचारावं.

मग घ्यायचं काय?

गोदाम, शाळेची लांब इमारत, मोठा हॉल, जिथे गच्ची मोकळी आणि पाईप दोन-तीनच, तिथे शीट बरी. मात्र उघड्या काळ्या शीटवर वाळवण घालायचं असेल तर विचार करावा. एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडते आणि बाजेचा किंवा खुर्चीचा पाय रुततो. वर संरक्षक थर लागतो.

आपल्या ३३ जागांच्या घराला लेप जास्त सोयीचा. फक्त स्लॅब कोरडा हवा, डबे पुरेसे हवेत आणि बाजेच्या पायांखाली फळीचे तुकडे हवेत, कारण टोकदार पायाने लेपही फाटतो. गच्चीवर जुनी डांबरी शीट असेल तर तिच्यावर सरळ पीयू मारू नये, डांबर वर येऊन लेप सुटतो. शीट काढावी किंवा कंपनीने त्यासाठी सांगितलेला प्रायमर वापरून आधी छोट्या जागेवर करून पाहावं.

दोन्ही पद्धतींत एक जागा हमखास विसरली जाते: कठड्याचा माथा. तिथल्या प्लास्टरला भेग असेल तर पाणी विटांतून उतरून शीटच्या किंवा लेपाच्या मागून घरात येतं. माथ्याला गच्चीच्या बाजूने उतार देऊन भेगा भरून घ्याव्यात.

काम झालं आणि माल पूर्ण वाळला की आऊटलेट बंद करून गच्चीवर एक-दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवावं आणि खालून प्रत्येक पाईप, प्रत्येक कोपरा पाहावा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यायचा, हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावं.