साडेअठराच्या खाली

दीड मीटर उंचीच्या, ३७ किलो वजनाच्या शेतमजूर स्त्रीचा बीएमआय काढायचा तर वजनाला उंचीच्या वर्गाने, म्हणजे २.२५ने भागायचे. उत्तर येते १६.४. दीर्घकालीन ऊर्जान्यूनतेच्या प्रतवारीत १७ ते १८.४ ही पहिली श्रेणी, १६ ते १६.९ ही दुसरी आणि १६ च्या खाली तिसरी, सर्वांत गंभीर. म्हणजे ही स्त्री दुसऱ्या श्रेणीत बसते. पहिलीत यायला तिला सव्वा किलो वजन पुरेल, त्यातून बाहेर पडायला साडेचार किलोंहून अधिक लागेल. जेम्स, फेरो-लुझ्झी आणि वॉटरलो यांनी १९८८ मध्ये ही प्रतवारी मांडली, तेव्हा बीएमआयबरोबर ऊर्जेचा खर्चही मोजायचा होता. गावोगावी ते जमणारे नव्हते, म्हणून पुढे एकटा बीएमआय उरला.

इथेच आक्षेप येतो: काही माणसे मुळातच सडपातळ नसतात का? असतात. लांब पाय आणि आखूड धड असलेल्यांचा बीएमआय निरोगीपणातही कमी भरतो. क्षयाने झडलेले आणि उपासमारीने झडलेले शरीर हा आकडा वेगळे करू शकत नाही, आणि सूज असेल तर पाण्याचे वजन कुपोषण झाकते. म्हणून पहिल्या श्रेणीतल्या एकट्या व्यक्तीवर निदानाचा शिक्का मारू नये, असे मला ठामपणे वाटते. समूहाचे मात्र तसे नाही. धडधाकट समाजातही तीन ते पाच टक्के प्रौढ १८.५ च्या खाली असतात, पण हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले की जागतिक आरोग्य संघटना परिस्थिती गंभीर मानते. इतक्या सगळ्यांचा बांधा उपजतच बारीक असणे शक्य नाही. तिथे कमी पडते आहे ते अन्न, किंवा आजार आणि अंगमेहनत ते खाऊन टाकत आहेत.