वाटेत झाकलेली, मुक्कामी उघडी

जुलैत आयकर विवरणपत्र भरायची घाई सुरू झाली की फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, पॅन कार्डाचा फोटो असं सगळं एकाच ईमेलला जोडून सीएकडे पाठवलं जातं. पाठवणारा बहुधा जीमेलवर असतो. सीएच्या ऑफिसचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असतो आणि तिथली मेल एखाद्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर उतरते. जीमेलमध्ये मेलच्या तपशिलात कुलपाचं छोटं चित्र आणि ‘टीएलएस’ ही अक्षरं दिसतात, म्हणून सगळं सुरक्षित असं आपण धरून चालतो. ते कुलूप खरंच असतं. फक्त ते मेलला नसतं, वाटेला असतं.

ही मेल तीन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा तुमच्या फोनपासून जीमेलच्या सर्व्हरपर्यंत, दुसरा जीमेलपासून होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आणि तिसरा तिथून सीएच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत. टीएलएस प्रत्येक टप्प्यावर वेगळं लागतं आणि टप्पा संपला की उघडतं. रेल्वेतून टपालाच्या थैल्या सीलबंद जात, पण प्रत्येक कचेरीत सील तोडून आतली पोस्टकार्डं निवडली जात. हा प्रकार अगदी तसाच आहे. थैली बंद होती म्हणून पोस्टकार्ड पाकिटात गेलं असं होत नाही.

पहिला आणि तिसरा टप्पा आज बहुतेक ठिकाणी नीट बंद असतो. अडचण मधल्या टप्प्याची आहे. तिथे दोन सर्व्हर एसएमटीपी या जुन्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात आणि त्यांच्या संभाषणाची सुरुवात उघड्यावर होते. ते साधारण असं दिसतं. C म्हणजे पाठवणारा सर्व्हर, S म्हणजे घेणारा:

```
S: 220 mail.example.org ESMTP
C: EHLO mail.example.com
S: 250-mail.example.org
S: 250 STARTTLS
C: STARTTLS
S: 220 Ready to start TLS
```

चौथी ओळ महत्त्वाची. ‘मला टीएलएस येतं’ असं घेणारा सर्व्हर तिथे सांगतो. त्यानंतर दोघं किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं, म्हणजे पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, विषय, मजकूर आणि जोडलेल्या फाइली, बंद होऊन जातं. वाटेतल्या इंटरनेट कंपनीला किंवा केबलवर कान लावून बसलेल्या कोणालाही कोणते दोन सर्व्हर बोलले, कधी बोलले आणि साधारण किती डेटा गेला एवढंच कळतं. हे संरक्षण मोठं आहे आणि ते कमी लेखू नये.

पण ती चौथी ओळ आलीच नाही तर? घेणाऱ्या सर्व्हरला टीएलएस येत नसेल, तर पाठवणारा सर्व्हर बहुतेक वेळा मेल अडवून धरत नाही, उघडीच पाठवतो. मेल पोचणं महत्त्वाचं, अशी ही व्यवस्था मुळापासून आहे. मग वाटेत बसलेल्याने ती एक ओळ खोडली तरी काम होतं. मिशिगन विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्युनिशियातून जीमेलकडे येणाऱ्या मेलपैकी शंभरातल्या ९६हून अधिक मेलची ही ओळ वाटेत पुसली जात असल्याचं आढळलं. यावर उपाय म्हणून २०१८ साली ‘एमटीए-एसटीएस’ हा नियम आला. त्यात घेणारा डोमेन आधीच जाहीर करून ठेवतो की माझ्याकडे टीएलएसशिवाय मेल पाठवूच नका. मात्र हे त्या डोमेनच्या मालकाला स्वतः लावून घ्यावं लागतं.

तुमच्याकडे आलेली मेल कशी आली, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून Show original निवडा. वरच्या भागात अशी ओळ सापडेल:

```
Received: from mail.example.org ...
  by mx.google.com with ESMTPS id ...
  (version=TLS1_3 cipher=TLS_AES_256_GCM_SHA384 ...)
```

ESMTPS मधला शेवटचा S म्हणजे हा टप्पा टीएलएसमधून झाला. तिथे नुसतं ESMTP असेल आणि कंसात टीएलएसचा उल्लेख नसेल, तर जीमेलच्या दारापर्यंतचा तो टप्पा मेलने उघड्यावर काढला. लक्षात ठेवा, ही नोंद एकाच टप्प्याची असते. त्याच्या खालच्या Received ओळी आधीच्या सर्व्हरांनी लिहिलेल्या असतात आणि त्या खोट्याही असू शकतात.

आता मुक्कामाचं. जीमेलच्या सर्व्हरवर मेल पोचते तेव्हा ती वाचता येईल अशा रूपात असते आणि होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरही तसंच. त्याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो. विमानाच्या तिकिटाची मेल आली की कॅलेंडरमध्ये आपोआप नोंद दिसते, पाच वर्षांपूर्वीची मेल एका शब्दावरून सापडते, व्हायरस असलेली फाइल आपण उघडण्याआधीच अडवली जाते. मेल वाचल्याशिवाय सर्व्हरला यातलं काहीच करता येणार नाही. डिस्कवर मेल एन्क्रिप्ट करून ठेवतो असं कंपन्या सांगतात ते खरं आहे, पण किल्लीही त्यांच्याकडेच असते. डिस्क चोरीला गेली तर त्याचा उपयोग. कंपनीला स्वतःला वाचायला त्याची आडकाठी नाही. जाहिराती ठरवण्यासाठी जीमेलमधला मजकूर तपासणं थांबवू असं गूगलने २०१७ साली जाहीर केलं, तो धोरणाचा निर्णय होता. वाचण्याची क्षमता तेव्हाही होती आणि आजही आहे. आणि जे कंपनीला वाचता येतं, ते सरकारी आदेश आल्यावर द्यावंही लागू शकतं. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६९ तसा अधिकार देतं.

हा फरक जगाला सर्वांत ठळकपणे दिसला तो २०१३ साली. वॉशिंग्टन पोस्टने अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचं एक हातानं काढलेलं रेखाटन छापलं. त्यात बाहेरचं इंटरनेट आणि गूगलचं आतलं जाळं यांच्या सीमेवर बाण काढून ‘एन्क्रिप्शन इथे लावलं आणि काढलं जातं’ या अर्थाचं वाक्य लिहिलं होतं, शेजारी हसरा चेहरा. वाटेवरचं कुलूप न तोडताच, ते जिथे उघडतं त्याच्या आतल्या बाजूने माहिती उचलली जात होती. त्यानंतर गूगलने आपल्या डेटा सेंटरांमधल्या दुव्यांनाही एन्क्रिप्शन लावलं.

मग पाकीट कोणतं? पीजीपी आणि एस-माइम ही खरी पाकिटं. त्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच बंद होतो आणि घेणाऱ्याच्या यंत्रावर उघडतो. तरी पत्ते आणि तारीख, आणि बहुधा विषयाची ओळही, सर्व्हरला दिसतच राहते. शिवाय दोन्ही बाजूंनी किल्ल्या सांभाळाव्या लागतात, म्हणून सीएच्या ऑफिसात ते क्वचितच भेटेल.

आपल्याकडे त्याऐवजी पासवर्ड घातलेली पीडीएफ चालते आणि तो उपाय वाईट नाही, पासवर्ड चांगला असेल तर. पण ‘नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना’ ही रीत बँका त्याच मेलमध्ये छापतात. नाव पत्त्यातच दिसतं, उरतात जास्तीत जास्त ३६६ शक्यता. त्या तपासायला कॉम्प्युटरला काही क्षण पुरतात. म्हणून सीएकडे फाइल पाठवताना तिला स्वतः ठरवलेला लांब पासवर्ड घाला आणि तो दुसऱ्या मेलने न पाठवता फोनवर सांगा. विषयाच्या ओळीत आणि फाइलच्या नावात पॅन नंबर लिहू नका.