कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा?

सोबतच्या छायाचित्रात वहीच्या पानावर काढलेले एक आडवे झाड दिसते. डावीकडे एक चौकोन आहे. त्यातून दोन फांद्या निघतात. वरची फांदी सरळ एका रकमेपाशी थांबते, तर खालची एका गोलापाशी येते आणि तिथे तिला आणखी तीन फांद्या फुटतात. अशा आकृतीला निर्णयवृक्ष म्हणतात. चौकोनापाशी निवड आपण करायची असते, गोलापाशी ती परिस्थिती करते. म्हणून गोलातून निघणाऱ्या प्रत्येक फांदीवर ती घडण्याची शक्यता लिहितात आणि फांदीच्या टोकाला शेवटी हाती येणारे पैसे.

पानावरचा प्रश्न नाशिककडच्या शेतकऱ्याला दर उन्हाळ्यात पडणारा आहे. एप्रिलमध्ये १०० क्विंटल उन्हाळी कांदा निघाला. तो लगेच बाजार समितीत न्यायचा, की चाळीत भरून सप्टेंबरपर्यंत थांबायचे? आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची रीत तीच. आजचा भाव क्विंटलला १,२०० रुपये धरला, तर वरच्या फांदीच्या टोकाला १,२०,००० रुपये येतात.

खालच्या फांदीचा हिशेब जरा सांभाळून करावा लागतो. चाळीत कांद्याचे पाणी आटते, काही सडतो, काहींना कोंब येतात. ही घट ३० टक्के धरली, तर विकायला ७० क्विंटल उरतो. चाळ भरणे, कांदा निवडणे आणि खराब माल बाजूला काढणे यासाठी १०,००० रुपये मजुरी जाते. सप्टेंबरचा भाव २,८०० रुपये मिळण्याची शक्यता ३० टक्के, २,००० रुपये मिळण्याची ४० टक्के आणि १,००० रुपयांवर येण्याची ३० टक्के मानली आहे. मजुरी वजा करून तीन टोकांना अनुक्रमे १,८६,०००, १,३०,००० आणि ६०,००० रुपये उरतात.

असे पान समोर आले की आधी दोन गोष्टी तपासाव्यात. गोलातून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज बरोबर १०० टक्के भरली पाहिजे आणि टोकाच्या रकमेतून पुढचा खर्च वजा झालेला असला पाहिजे. लागवडीवर झालेला खर्च मात्र इथे येत नाही. कांदा आज विकला काय किंवा उद्या विकला काय, तो पैसा केव्हाच गेला आहे.

झाड काढायचे डावीकडून, पण सोडवायचे उजवीकडून. गोलापाशी प्रत्येक रक्कम तिच्या शक्यतेने गुणून बेरीज करायची. ५५,८०० अधिक ५२,००० अधिक १८,००० मिळून १,२५,८०० रुपये होतात. हे साठवणुकीचे अपेक्षित मूल्य. मग चौकोनाकडे यायचे, मोठी रक्कम ठेवायची आणि लहान रकमेच्या फांदीवर दोन छोट्या रेघा मारायच्या. आज विकण्यापेक्षा साठवणूक ५,८०० रुपयांनी सरस ठरते, म्हणून छायाचित्रात वरची फांदी काटलेली दिसते.

पण १,२५,८०० हा आकडा झाडाच्या एकाही टोकाला नाही. तेवढे पैसे शेतकऱ्याला कधीच मिळणार नाहीत. हाच डाव पुष्कळ हंगाम खेळला, तर दर हंगामाची सरासरी तिथे जाईल, एवढाच त्याचा अर्थ. शेतकऱ्याच्या हातात हा एकच हंगाम आहे आणि त्यात ६०,००० वर येण्याची शक्यता दहात तीन आहे. सोसायटीचे पीककर्ज आणि घरखर्च मिळून त्याला निदान ९०,००० लागणार असतील, तर हे टोक म्हणजे नुसता कमी नफा नव्हे. कर्ज थकणे आणि पुढच्या हंगामाला भांडवल नसणे. सरासरी काढताना हा फरक पुसला जातो.

डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये नेमके हेच मांडले. एका गरीब माणसाला सोडतीचे तिकीट मिळते. २०,००० मोहरा लागण्याची किंवा काहीच न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरीने तिकिटाची किंमत १०,००० होते. तरी गरिबाने ते ९,००० ला विकले तर तो मूर्ख नव्हे आणि श्रीमंताने ते ९,००० ला घ्यायचे नाकारले तर तो मात्र चुकतो, असे बर्नुलीचे म्हणणे. कांद्यातही तसेच. ज्याच्या गाठीला दोन-तीन पडेल वर्षे सोसण्याइतका पैसा आहे, त्याने साठवावे; ज्याच्याकडे तो नाही, त्याने विकले तरी हिशेब चुकत नाही. नुसता माल जास्त असून भागत नाही, कारण भाव पडला की तो सगळ्याच चाळींसाठी पडतो.

छायाचित्रातल्या झाडाला एक फांदी कमी आहे. अर्धा कांदा आज विकून अर्धा चाळीत ठेवला, तर ६०,००० रुपये लगेच हाती येतात. मजुरीही निम्मी धरली, तर उरलेल्या अर्ध्याचे अपेक्षित मूल्य ६२,९०० होते. एकूण १,२२,९००, म्हणजे सगळा साठवण्यापेक्षा २,९०० कमी. पण भाव अगदी पडला तरी ६०,००० आणि ३०,००० मिळून ९०,००० हाती राहतात आणि गरज भागते. ते २,९०० रुपये म्हणजे जोखीम टाळण्याची किंमत. ती द्यायची की नाही हे आता डोळसपणे ठरवता येते.

दुसरी जोखीम आकड्यांचीच आहे. उत्तर किती हलके आहे ते पाहायला एकेक आकडा सरकवून बघावा. चढ्या भावाची शक्यता ३० ऐवजी २५ टक्के आणि पडेल भावाची ३५ टक्के धरली, की साठवणूक १,१९,५०० वर येते आणि निर्णय उलटतो. घट ३३ टक्क्यांच्या वर गेली तरी तेच. भावाची शक्यता पाच टक्क्यांइतकी बारकाईने कोण सांगणार? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा उन्हाळी कांदा चाळींमध्येच होता. मागच्या वर्षांचे भाव कितीही चाळले, तरी अशी फांदी त्यात सापडत नाही.

घट आणि भाव यांचे एकमेकांशी नातेही आहे, ते या झाडात आलेले नाही. दमट हवेने सगळ्यांच्याच चाळी सडल्या, तर आवक घटते आणि भाव चढतो. म्हणजे चढ्या भावाच्या वर्षी आपल्याकडेही विकायला ७० क्विंटल नसण्याचीच शक्यता जास्त. ती फांदी ६० क्विंटलवर आणली, तर तिचे टोक १,८६,००० वरून १,५८,००० वर येते, अपेक्षित मूल्य १,१७,४०० होते आणि साठवणूक मागे पडते. त्यामुळे घटीचा आकडा सरसकट न लावता प्रत्येक फांदीला वेगळा लावावा.

एवढे केल्यावर ५,८०० रुपयांच्या आघाडीवर फार भरवसा राहत नाही. सगळा कांदा चाळीत भरायचा, तर गोलापाशी आलेली रक्कम आजच्या भावापेक्षा ठळक मोठी हवी आणि सर्वांत वाईट टोकालाही कर्जाचा हप्ता भरता यायला हवा. या झाडात दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून ९०,००० ची गरज असलेल्याने निम्मा माल एप्रिलमध्येच विकलेला बरा.